आई-बाबांना पत्र: फ्लॅट आत्ता नको, तीन वर्षांनी

घोडबंदरचा_भाडेकरू

नमस्कार मंडळी. वय ३१, ठाण्यात कासारवडवलीला भाड्याने राहतो. आई-बाबा सांगलीला असतात. घराचा विषय फोनवर निघाला की आई "तुझं तू बघ बाबा" म्हणते, फोन बाबांच्या हातात जातो आणि बाबा "जेवलास का" विचारून ठेवून देतात. म्हणून म्हटलं, सरळ कागदावर लिहून पाठवावं. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, लिहिलेलं शेवटपर्यंत वाचतात. मसुदा खाली देतोय. आकडे माझेच आहेत. कुठे लंगडं पडतंय ते सांगा.

*तीर्थरूप आई-बाबांस, शि. सा. न.*

*मागच्या महिन्यात आपण तिघांनी पाहिलेला फ्लॅट मला आवडला नाही असं नाही. आईला स्वयंपाकघराची खिडकी आवडली, बाबांना खाली बसायला जागा आहे हे आवडलं, तेही माझ्या लक्षात आहे. तरीही मी तो आत्ता घेत नाहीये. का, ते सांगतो.*

*किंमत १ कोटी २० लाख. बँक यावर जास्तीत जास्त ९० लाख देईल. उरलेले ३० लाख, वर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ८ लाख ४० हजार, नोंदणीचे ३० हजार. पहिल्या दिवशी ३८ लाख ७० हजार हवेत. माझ्याकडे म्युच्युअल फंडात ३४ लाख आहेत. बाकीचे बाबा एफडी मोडून देणार म्हणतात, फर्निचरसाठी आणखी पाच देतो म्हणतात. ते मला नकोत.*

*९० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ७८ हजार. सोसायटीचे ५ हजार धरा. माझा हातात येणारा पगार १ लाख ३५ हजार. पहिल्या तीन वर्षांत मी हप्त्यांपोटी २८ लाख भरेन आणि कर्ज फक्त ५ लाख ८६ हजारांनी उतरेल. बाबा, तुम्ही भाड्याला "पाण्यात घातलेले पैसे" म्हणता. मग या बाकीच्या २२ लाखांना काय म्हणायचं?*

*आत्ता मी ३० हजार भाडं देतो आणि ५० हजार गुंतवतो. तीन वर्षं हेच चालू ठेवलं आणि दहा टक्के परतावा मिळाला तर माझ्याकडे ६६ लाख असतील. फ्लॅट घेतला आणि त्याचा भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढला तर तो १ कोटी ३९ लाखांचा होईल, त्यावर ८४ लाख कर्ज शिल्लक असेल, म्हणजे माझे ५५ लाख. थांबण्यात ११ लाखांचा फायदा आहे.*

*घर घ्यायचंच नाही असं मी म्हणत नाही. तीन वर्षं द्या, एवढंच मागतोय.*

*तुमचा,*

---

माजिवडा_नाका

पत्र हाताने नेऊन देणार असशील तर आत्ताच निघ. घोडबंदर रोडवरून बाहेर पडेपर्यंत तीन वर्षं होतात.

---

विसुभाऊ

पोरा, पत्र चांगलं लिहिलंयस, पण अनुभव सांगतो. १९९६ साली मी वर्तकनगरला वन बीएचके साडेसहा लाखांना घेतला. सासरे म्हणाले होते, वेडा आहेस. आज एजंट ८५ लाखांना मागतोय. तेरापट! कुठला फंड देतो तेरापट? आणि भाव कधी खाली आलेला मी तरी पाहिला नाही. शेअरचं काय सांगता, आज आहे उद्या नाही. घर घे आणि मोकळा हो.

---

खारघरवासी

ठाण्यात १.२० कोटी? त्यात पाणी टँकरचं. त्यापेक्षा उलव्याला बघ, नाहीतर तळोजा फेज टू. विमानतळामुळे तिकडचे भाव अजून वर जाणार आहेत. फक्त सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असते, विकताना-घेताना हस्तांतरण शुल्क आणि सिडकोची परवानगी हे बघून घे. सोसायटीच्या नावाने कन्व्हेयन्स झालंय का तेही विचार. माझ्याकडे एक चांगला एजंट आहे, व्यनि कर.

---

माजिवडा_नाका

@खारघरवासी, तो घर न घेण्याचं पत्र लिहितोय हो.

---

खारघरवासी

वाचलं. पण आज ना उद्या घेणारच ना.

---

नीलमोहर

आकड्यांतलं मला फार कळत नाही. पण भाड्याने राहण्याचा खर्च तुम्ही फक्त ३० हजार धरलाय, तो तेवढा नसतो. अकरा महिन्यांचा करार, दरवेळी भाडेवाढ, एजंटचं एक भाडं, टेम्पो, गॅसचा पत्ता बदला. आमच्या मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि महिन्याभरात घर रिकामं करायला सांगितलं, तेव्हा मुलगी पहिलीत होती. शाळा बदलायची नाही म्हणून त्याच परिसरात मिळेल ते घर घेतलं, भाडं सहा हजारांनी जास्त. तुम्ही एकटे आहात तोवर ठीक आहे. पत्रात लग्नाबद्दल चकार शब्द नाही, आणि आईला तेच वाचायचं असणार बहुतेक.

---

घोडबंदरचा_भाडेकरू

@विसुभाऊ, तेरापट म्हणजे एकोणतीस वर्षांत वर्षाला साधारण सव्वानऊ टक्के होतात. वाईट नाहीत, पण ऐकायला तेरापट जेवढं मोठं वाटतं तेवढंही नाही.

@नीलमोहर, लग्नाचं मुद्दामच टाळलंय. ते लिहिलं तर बाकीचं पत्र कोणी वाचणार नाही.

---

विसुभाऊ

सव्वानऊ टक्के आणि वर डोक्यावर छप्पर! ते कुठे धरलंस? एकोणतीस वर्षांचं भाडं वाचलं माझं.

---

कळव्याचा_राजू

विसुभाऊंना अनुमोदन. आणि कर? गृहकर्जाच्या व्याजावर दोन लाखांची वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या गटात असशील तर वर्षाला साठ हजार सरकारच देतंय. हा मुद्दा पत्रात नाहीच.

---

हिशेबनीस

मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झाले. राजूचं अर्धं बरोबर आहे. ती दोन लाखांची वजावट जुन्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत स्वतः राहायच्या घराच्या व्याजावर काही मिळत नाही, आणि या पगाराला बहुतेक जण आता नवीच घेतात. जुनीत परत जायचं तर नवीचे कमी दर सोडावे लागतील. म्हणजे साठ हजार हातात पडत नाहीत, फरक पडलाच तर किरकोळ.

आता मूळ पत्राकडे येते. बँक ९० लाख देईल हे बरोबर. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांचीच मर्यादा आहे, आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. हे लोकांना शेवटच्या आठवड्यात कळतं आणि मग धावाधाव होते. तुम्ही आधीच धरलंय, छान.

पण ते ११ लाख खरे नाहीत. त्यात दोन गोष्टी सुटल्यात, एक तुमच्या बाजूची आणि एक विरुद्ध.

तुमच्या बाजूची आधी. फ्लॅट आत्ता घेतलात तर त्यात बाबांचे जवळपास पाच लाख जाणार आहेत. तीन वर्षांनी व्याजासकट ते सहाच्या आसपास झाले असते. ते तुमच्या ५५ मधून वजा करा. उरले ४९.

विरुद्ध बाजूची जास्त मोठी आहे. तुम्ही घर नाकारत नाही आहात, पुढे ढकलताय. म्हणजे मुद्रांक शुल्क वाचत नाही. तीन वर्षांनी तेच घर १ कोटी ३९ लाखांचं असेल तर त्यावर ७ टक्के म्हणजे पावणेदहा लाख भरावे लागतील, नोंदणी धरून दहा. तेव्हा तुमचे ६६ म्हणजे खरं तर ५६. फरक उरला सातेक लाखांचा, तोही घर पाच टक्क्यांनी वाढलं आणि फंड दहा टक्क्यांनी वाढला तर. उलटं गणित केलं तर घराचे भाव वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या वर गेले की थांबणं तोट्यात जातं. बाबांच्या हातात पत्र देण्याआधी हा साडेसहाचा आकडा तुम्हाला माहीत असावा, कारण शेजारचे कोणी ना कोणी त्यांना तो सांगणारच.

---

घोडबंदरचा_भाडेकरू

मुद्रांक शुल्काचं पटलं. पण साडेसहा टक्के सलग तीन वर्षं? कासारवडवलीत एवढे टॉवर उभे राहतायत की विकणाऱ्यांचीच रांग आहे.

---

माजिवडा_नाका

आणि मेट्रो सुरू झाल्यावर? वडाळा ते कासारवडवली. तुझ्या दाराशीच येतेय.

---

तलावपाळी

मेट्रोचा भाव लोकांनी खांब उभे राहिले तेव्हाच लावलाय. आता नुसता दरवाजा उघडायचा राहिलाय. अर्थात हे माझं मत, माझा स्वतःचा फ्लॅट कोलशेतला आहे, भाव वाढला तर मला वाईट वाटणार नाही.

---

हिशेबनीस

भाव कुठे जातील ते मला सांगता येणार नाही. माझा दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा वाटतो. तीन वर्षांनी लागणारे ३४ लाख तुम्ही शेअरच्या फंडात ठेवताय. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,३०० च्या वर होता, २३ मार्चला ७,६०० वर. दोन महिन्यांत ३८ टक्के. तेव्हा तो लवकर वर आला. २००८ मध्ये सेन्सेक्स जानेवारीत २१ हजारांच्या आसपास होता, ऑक्टोबरमध्ये ९ हजारांच्या खाली, आणि परत २१ हजार पाहायला २०१० चा नोव्हेंबर उजाडला. तिथेही तो टिकला नाही. ज्याला तारीख नाही तो वाट पाहू शकतो. तुम्ही स्वतःच पत्रात तारीख घालून घेतलीत.

तुमच्याच आकड्यांत, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बाजार तीस टक्क्यांनी खाली असेल तर ५२ लाख घातलेत त्याचे ३६ उरतील. तेव्हा बाबांना काय लिहिणार? आणखी तीन वर्षं द्या?

---

कळव्याचा_राजू

हेच. म्हणून म्हणतो घर घे.

---

हिशेबनीस

नाही, त्यातून "घर घे" निघत नाही. तीन वर्षांनी लागणारी रोख रक्कम मोजा. १ कोटी ३९ लाखांचे २५ टक्के म्हणजे पावणेपस्तीस, शुल्काचे दहा. एकूण ४५ लाख. आजचे ३४ लाख साध्या मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तरी कर कापून ३९ च्या आसपास होतात. कमी पडले सहा. महिन्याचे ५० हजार तीन वर्षांत १८ लाख होतात, ते खुशाल फंडात जाऊ देत. बाजार चाळीस टक्के पडला तरी त्यातले पावणेअकरा उरतील आणि सहाची गरज भागेल. तुमच्या ३४ लाखांना धावायची गरजच नाही.

फंड एकदम विकू नका. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही, त्यावर साडेबारा टक्के आहे. मार्च आणि एप्रिल असं दोन आर्थिक वर्षांत विभागलं तरी काही हजार वाचतात.

---

तलावपाळी

ताई, तुमच्याच हिशेबावर एक शंका. ३९ अधिक एसआयपीचे २१, झाले ६०. शुल्काचे दहा गेले, उरले ५०. घर १ कोटी ३९. म्हणजे कर्ज पुन्हा ८९ लाखच! तीन वर्षं थांबून, पै पै साठवून कर्ज एका लाखाने कमी? मग हा सगळा खटाटोप कशासाठी?

---

माजिवडा_नाका

धागा इथेच संपला. उठा, चहा घ्या.

---

हिशेबनीस

शंका बरोबर आहे, आणि उत्तरही त्यातच आहे. कर्ज कमी होत नाही. आज १ लाख ३५ हजारांतून ७८ हजार हप्ता म्हणजे ५८ टक्के. आम्ही अशा फायलीवर बसून विचार करायचो, सहअर्जदार आणा म्हणायचो. पगार वर्षाला आठ टक्क्यांनी वाढला तर तीन वर्षांनी तो १ लाख ७० हजार होतो, हप्ता ७७ हजार, म्हणजे ४५ टक्के. शिवाय बाबांची एफडी जागच्या जागी. थांबून मिळतं ते एवढंच. पण ५८ आणि ४५ मधला फरक नोकरी गेल्यावर कळतो. मी वसुलीच्या कामातही होते काही काळ. हप्ता थकलेल्या बहुतेक घरांत उधळपट्टी नव्हती, पगाराच्या साठ टक्क्यांचा हप्ता होता आणि मधे चार महिने नोकरी नव्हती.

---

घोडबंदरचा_भाडेकरू

नोकरीचा विषय निघालाच म्हणून लिहितो, पत्रात नव्हता. आमच्या प्रोजेक्टची निम्मी टीम हैदराबादला नेणार अशी कुजबुज आहे. मी जाईन की नाही माहीत नाही. घरी सांगितलं तर आईची झोप उडेल.

---

नीलमोहर

मग खरं कारण हेच आहे! फंडाचे दहा टक्के आणि घराचे पाच टक्के हे सगळं नंतर जोडलेलं.

---

घोडबंदरचा_भाडेकरू

पूर्णपणे नाही. हैदराबादचं कळायच्या आधीपासून मी नको म्हणतोय.

---

आबा_सातारकर

मी बापाच्या बाजूने लिहितो. माझा मुलगा ऐरोलीला भाड्याने राहतो. तोही मला असेच टक्के सांगतो. तुला वाटतं बाबांना गणित पटत नाही. गणित त्यांनी जन्मभर शिकवलं असेल रे. तू "ते मला नकोत" लिहिलंस ना, एफडीबद्दल, तिथे त्यांचं वाचणं थांबेल. माणूस निवृत्तीनंतर देण्यासारखं काय उरलंय ते शोधत असतो. नको असतील तर का नको ते लिही. तुमच्या दुखण्याखुपण्याला ते लागतील, मला रात्री फोन आला तर पैशाचा विचार करावा लागू नये, असं काहीतरी.

आणि "२२ लाखांना काय म्हणायचं" हा प्रश्न काढ. बापाला प्रश्नपत्रिका पाठवू नये.

---

विसुभाऊ

आबांशी सहमत. मी घरच घे म्हणतोय तो भाग वेगळा.

---

कळव्याचा_राजू

पण आबा, मुलगा हैदराबादचं लपवतोय त्याचं काय? बापाने एफडी मोडायची तयारी दाखवली, त्याला निम्मी गोष्ट सांगायची?

---

आबा_सातारकर

कुजबुज आहे अजून. कुजबुजीवर घरी पत्र लिहिलं तर माझ्या बायकोने गणपती पाण्यात घातले असते. पण लिहावं असं मलाही वाटतं. ठरत नाही.

---

घोडबंदरचा_भाडेकरू

दोन परिच्छेद नवे केलेत. ११ लाखांचा काढून टाकला, प्रश्नही काढला.

*आज घर घेतलं तर माझ्या पगारातले शंभरातले ५८ रुपये हप्त्यात जातील. तीन वर्षांनी तेच घर, तेवढंच कर्ज, पण पगार वाढल्यामुळे ४५ जातील. कर्ज कमी होणार नाही हे मला माहीत आहे. नोकरीत दोन-चार महिने खंड पडला तरी घर हातचं जाणार नाही, एवढ्यासाठी थांबतोय. आमच्या कंपनीत सध्या काही बदल होतील असं दिसतंय, ते नक्की झालं की फोन करेन. भाव फार वाढले तर थांबण्यात तोटा होईल, तोही मी धरलाय.*

*बाबा, ३४ लाखांतले बहुतेक मी आता बाजारातून काढून ठेवीत टाकतोय, दर महिन्याचे ५० हजार तेवढे बाजारात राहतील. तुमच्या एफडी मोडू नका. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आपण दोन वर्षं पुढे ढकलतोय, ते आधी करू.*

@हिशेबनीस, ३४ च्या ३४ काढायला जीव होत नाही. दहा लाख फंडातच ठेवतोय. उरलेल्या २४ चे ठेवीत साडेसत्तावीस होतील. ४५ ला साडेसतरा कमी, ते एसआयपी आणि या दहा लाखांतून यायला हवेत.

---

हिशेबनीस

चाळीस टक्के पडलं तर २८ लाखांचे पावणेसतरा उरतील. म्हणजे पाऊण लाखाने हुकताय. चालेल, पण शेवटच्या वर्षात ते दहाही काढायला लागा.

---

विसुभाऊ

गुडघ्याचं आधी कर. माझ्या बायकोचं दोन्हीचं झालं. वॉर्डातल्या फिजिओथेरपीच्या मुलीचं ऐकायचं, डॉक्टरपेक्षा जास्त.

---

खारघरवासी

तीन वर्षांनी उलव्याचा एजंट लागला तर सांगा. तोवर तोही बहुतेक बिल्डर झाला असेल.